‘पुढच्या शुक्रवारी’ म्हणजे नक्की कधी?

परवा रात्री भाचीचा फोन आला. मीटिंगला कुणीच आलं नाही म्हणून रडवेली झाली होती. तिच्या कंपनीत माणसांच्या वेळा जुळवायचं काम तिच्याकडे आहे. पुण्याचे चौघे, इंग्लंडमधले दोघे, अमेरिकेतला एक आणि रियाधचा एक. हिनं मंगळवारी लिहिलं, ‘पुढच्या शुक्रवारी भेटू.’ अर्थात इंग्रजीत. आठही जणांनी ‘ओके’ पाठवलं, आणि शुक्रवारी पडद्यावर ही आणि पुण्यातला एक मुलगा, असे दोघंच एकमेकांकडे बघत बसले. बाकीच्यांच्या लेखी तो शुक्रवार अजून आठ दिवसांवर होता.

मी तिला म्हटलं, पोरी, तुझी आत्या एकतीस वर्षं दादरला एका ट्रॅव्हल एजन्सीत काउंटरवर बसली, ती उगीच नाही. तिकीट चुकीच्या तारखेचं निघालं की चूक कुणाचीही असो, शिव्या काउंटरवरच्या बाईला. त्या एकतीस वर्षांत जे कानमंत्र जमले, ते तुला लिहून देते. मोजकेच आहेत.

आधी तुझा शुक्रवार घेऊ. समजा आज मंगळवार, ९ जून २०२६ आहे. तू म्हणालीस ‘नेक्स्ट फ्रायडे’. एका जातीची माणसं रांगेत पुढे उभा असलेला पहिला शुक्रवार धरतात, म्हणजे १२ जून. दुसऱ्या जातीची माणसं म्हणतात, या आठवड्यातला तो ‘धिस फ्रायडे’, मग ‘नेक्स्ट’ म्हणजे पुढच्या आठवड्यातला, १९ जून. दोघंही बरोबर आहेत, आणि दोघांनाही समोरचा वेगळं समजेल अशी शंकासुद्धा येत नाही. हे कुठल्या एका देशाचं खूळही नाही. एकाच घरात नवरा १२ धरतो, बायको १९.

मराठीत आपल्याला वाटतं, आपलं बरं आहे, ‘येत्या शुक्रवारी’ म्हटलं की झालं. ‘येत्या’ बराच भरवशाचा शब्द आहे हे खरं. येऊ घातलेला, म्हणजे सगळ्यात जवळचा. पण ‘पुढच्या’ला तोच रोग आहे जो ‘नेक्स्ट’ला. आणि तू मनात ‘येत्या’ म्हणतेस नि बोटं ‘नेक्स्ट’ टाइप करतात, तिथे खरी गडबड होते. एकदा शब्द पालटला की तुझ्या मनातला अर्थ समोरच्यापर्यंत पोचतच नाही.

यातली एक गंमत कुणी सांगत नाही. घोळ किती मोठा, ते तू कुठल्या वारी बोलतेस त्यावर असतं. गुरुवारी कुणी ‘नेक्स्ट फ्रायडे’ म्हणालं तर काळजी कमी, कारण जवळचा शुक्रवार हवा असता तर तो ‘उद्या’ म्हणाला असता. सोमवारी-मंगळवारी घोळ पुरेपूर. आणि सगळ्यात वाईट वार रविवार! कारण आठवडा कधी सुरू होतो यावरच एकमत नाही. अमेरिकेतल्या कॅलेंडरांत पहिला वार रविवार, युरोपात सोमवार. रविवारी, १४ जूनला, कुणी ‘पुढच्या आठवड्यातला शुक्रवार’ म्हणालं, तर सोमवारपासून आठवडा मोजणाऱ्याला तो १९ जून वाटतो आणि रविवारपासून मोजणाऱ्याला २६. इथे ‘पुढच्या आठवड्यातला’ असं नीट फोड करून सांगितलेलं असूनही. म्हणून रविवारी संध्याकाळी आठवड्याची आखणी पाठवणाऱ्यांना माझं सांगणं असतं की बाबांनो, एक रात्र थांबा, नाहीतर तारीख लिहा.

तुझे इंग्लंडवाले कधी तरी ‘फ्रायडे वीक’ लिहितील. दचकू नकोस. तिथल्या बोलीत त्याचा अर्थ येत्या शुक्रवारपासून पुढे आठवडा. मंगळवारी ९ तारखेला लिहिलं असेल तर १९ जून. त्यांच्यापुरतं ते अगदी स्वच्छ आहे, पण आपल्या ऑफिसात कुणी त्याचा अर्थ ‘शुक्रवारचा आठवडा’ असा लावला तर मला नवल वाटणार नाही. तसंच आपलं ‘आठ दिवसांनी’. शुक्रवारी कुणी म्हणालं, ‘आठ दिवसांनी या,’ तर आपण पुढच्या शुक्रवारीच जातो, शनिवारी नाही. आजचा दिवस धरून आठ मोजायची आपली रीत आहे. पंधरा दिवसांनी म्हणजेही बहुतेक दोन आठवडे, म्हणजे खरे चौदा. फ्रेंच लोकही आठवड्याला आठ दिवस आणि दोन आठवड्यांना पंधरा दिवस म्हणतात, तेव्हा हा काही आपलाच वेंधळेपणा नव्हे. पण हेच वाक्य इंग्रजीत ‘आफ्टर एट डेज’ करून पाठवलंस की समोरचा बोटं मोजून शनिवारी हजर होतो.

‘परवा’चं काय सांगू! मी वरच लिहिलं ना, परवा फोन आला. ‘आला’ आहे म्हणून कळलं की मागचा परवा. बोलताना क्रियापद सगळं सावरून घेतं. पण मेसेजमध्ये लोक क्रियापद खातात. ‘परवाचं तिकीट पाठव’ असा निरोप मला एका गिऱ्हाइकानं पाठवला होता. मी येणाऱ्या परवाचं काढलं. त्याला झालेल्या प्रवासाचं तिकीट हिशेबाला हवं होतं. हिंदीवाल्यांचं ‘कल’ आणि ‘परसों’ तर दोन्ही बाजूंना चालतं. ज्या निरोपात क्रियापद नाही, त्यात ‘परवा’ वापरायचा नाही, एवढं धर.

आता एक सापळा खास आपल्या मराठी माणसांसाठी. ‘मीटिंग दोन दिवस पुढे ढकलली’ म्हटलं की आपल्यात कुणालाही शंका नसते, उशिरा झाली. तेच तू इंग्रजीत ‘मूव्ह्ड फॉरवर्ड बाय टू डेज’ केलंस की अर्ध्या लोकांच्या लेखी ती अलीकडे आली. बुधवारची मीटिंग असेल तर निम्मे सोमवारी येतील, निम्मे शुक्रवारी. यावर मानसशास्त्राच्या लोकांनी नेमका हाच प्रश्न विचारून प्रयोग केले आहेत आणि उत्तरं खरोखरच दोन तट पडल्यासारखी आली. तेव्हा पुढे, मागे, वर, खाली असले दिशांचे शब्द वेळेला लावूच नकोस. ‘बुधवार १० जूनऐवजी शुक्रवार १२ जून’ असं जुनं-नवं दोन्ही लिही. जुनी तारीख लिहिल्यानं आणखी एक काम होतं. ज्याच्या डोक्यात मुळातच वेगळी तारीख होती, तो तिथेच ओरडतो.

वीकएंडचं मी थोडक्यात सांगते. ‘या वीकएंडला’मध्ये दोन प्रश्न लपलेले असतात. कुणाचा वीकएंड, आणि तो कधी सुरू होऊन कधी संपतो. तुझा रियाधवाला शुक्रवार-शनिवार सुट्टीवर असतो, रविवारी सकाळी तो ऑफिसात असतो. दुबईचं २०२२च्या १ जानेवारीपासून बदललं. सरकारी कचेऱ्यांना शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस. म्हणजे ‘आखातातले लोक’ म्हणून एका दावणीला बांधायची सोयसुद्धा राहिली नाही. लांब कशाला जा, आपल्या पिंपरी-भोसरीच्या कारखान्यांत कित्येक ठिकाणी आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. तिथल्या सुपरवायझरला ‘वीकएंडला माल उतरवून घ्या’ म्हटलंस तर तो शनिवारी कामावर असणारच आहे, त्याला त्यात ‘वीकएंड’ काय ते कळत नाही. आणि बँकेवाल्यांचा शनिवार तर दुसरा नि चौथाच सुट्टीचा.

त्याहून जास्त भांडणं ‘वीकएंडपर्यंत देतो’ यावर होतात. देणाऱ्याच्या मनात रविवारची रात्र असते, घेणाऱ्याच्या मनात शुक्रवारची संध्याकाळ. मधल्या दोन दिवसांत घेणारा तीनदा फोन करतो आणि देणारा ‘अजून वेळ आहे की’ म्हणून चिडतो. दोघंही आपापल्या परीनं वेळेवर आहेत. इथे ‘पर्यंत’ला तारीख आणि तास दोन्ही लाव. ‘सोमवार १५ जून, सकाळी १०च्या आत माझ्या मेलमध्ये’ असं. आत की बाहेर, सुट्टी की कामाचा दिवस, कुणाला काही ठरवावं लागत नाही.

आता ‘आज रात्री बारा’. हा माझा सगळ्यात दुखरा विषय.

ज्येष्ठ जोडपं होतं. मुलाकडे लंडनला निघालेलं, पहिल्यांदाच विमानात बसणार होतं. मुंबईहून परदेशी जाणारी कितीतरी विमानं मध्यरात्रीनंतर एक ते चारच्या दरम्यान सुटतात, तसंच त्यांचंही होतं. तिकिटावर शनिवारची तारीख आणि वेळ ०२:१५. काकांनी विचारलं, ‘म्हणजे कधी हो?’ आणि मी, काउंटरवर सतरा माणसं उभी असताना, मान वर न करता म्हणाले, ‘शनिवारी रात्री सव्वादोन.’ तिकीट तेच सांगत होतं. मी खोटं काहीच बोलले नव्हते.

शनिवारी रात्री अकराला ते दोघं चार बॅगा, लोणच्याच्या बरण्या आणि नातवाचा बाळंतविडा घेऊन विमानतळावर उतरले. दारावरच्या जवानानं तिकीट पाहिलं आणि म्हणाला, तुमचं विमान काल रात्री गेलं. खरं तर ते गेलेलं होतं त्याच दिवशी, शनिवारीच, जवळजवळ एकवीस तासांपूर्वी. जवानही ‘काल रात्री’ म्हणाला, बघ! त्याच्याही डोक्यात सव्वादोन हे आदल्या दिवसाच्या रात्रीचंच होतं.

आणि सगळ्यांच्याच डोक्यात तसं असतं. घड्याळाचा दिवस बाराला पालटतो, माणसाचा पालटत नाही. माणूस झोपून उठेपर्यंत त्याचा दिवस चालू असतो. आपल्या पंचांगात तर वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत धरतात, म्हणजे पहाटे तीन वाजता पंचांगाच्या हिशेबानंही आदलाच वार असतो. मुसलमान गिऱ्हाइकांकडून मी उलटी रीत शिकले. त्यांच्या धर्माच्या हिशेबात दिवस सूर्यास्तापासून सुरू होतो, म्हणून गुरुवारला जुमेरात म्हणतात, जुम्म्याची रात्र आधी येते. तेव्हा ‘शुक्रवारची रात्र’ म्हटल्यावर घड्याळ एक सांगतं, पंचांग दुसरं, आणि मशिदीतला हिशेब तिसरं. ‘फ्रायडे मिडनाइट’ला तर दोन बाजू आहेत. शुक्रवार सुरू होतो तेव्हाही बारा असतात, संपतो तेव्हाही बारा. मध्ये चोवीस तास.

यावर तोडगा फार साधा आहे आणि दोन प्रकारचा आहे. मुदत सांगायची असेल, तर बारा हा आकडा टाळायचा. ‘गुरुवार ११ जून, रात्री ११.५९पर्यंत’ असं लिही. एका मिनिटानं तुझं काही बिघडत नाही, पण ११.५९ला कुणीही शुक्रवार समजू शकत नाही. काही सुरू व्हायचं असेल तर १२.०१ लिहायचं, तारीख नव्या दिवसाची. अमेरिकेतली वजनं-मापं आणि वेळ सांभाळणारी सरकारी संस्थासुद्धा हाच सल्ला देते, कारण १२ एएम आणि १२ पीएममध्ये मध्यरात्र कुठली नि मध्यान्ह कुठली हेच लोकांना धड ठरवता येत नाही. तुझ्या विम्याचा कागद काढून बघ, त्यावर सुरू होण्याची वेळ ००:०० आणि संपण्याची २३:५९ छापलेली सापडेल. वकिलांनी पैसे घालवून शिकलेली गोष्ट आहे ती.

दुसरा प्रकार, जेव्हा खरोखरच रात्रीच्या मध्यावर काही घडणार असतं, विमान, गाडी, सर्व्हर बंद ठेवणं. तिथे दोन्ही वार लिहायचे. हे आपल्या भाषेत पूर्वीपासून आहे. देश स्वतंत्र झाला तो आपण ‘१४ आणि १५ ऑगस्टच्या मध्यरात्री’ असाच सांगतो. लोकलच्या ब्लॉकची सूचना ऐक, ‘शनिवार-रविवारच्या मध्यरात्री’ म्हणतात. म्हणजे ‘शुक्रवार १२ आणि शनिवार १३ जूनच्या मधल्या रात्री, शनिवारी पहाटे २.१५ला’. लांबडं वाटतं, पण रात्रभर विमानतळावर बसण्यापेक्षा आखूड आहे. आणि ‘रात्री दोन’ म्हणू नकोस, ‘पहाटे दोन’ म्हण. पहाट म्हटली की ऐकणाऱ्याच्या मनात वार आपोआप पालटतो.

तू म्हणशील, आत्या, चोवीस तासांचं घड्याळ वापरलं की झालं. नाही होत. ०२:१५ला दुपार समजणार नाही कुणी, हे कबूल. पण माझ्या काकांच्या तिकिटावर ०२:१५च छापलेलं होतं. रेल्वेतही तेच. १३ तारखेला ००:१० ला सुटणाऱ्या गाडीसाठी १२च्या रात्री स्टेशनवर असावं लागतं, आणि दर वर्षी कुणी ना कुणी १३च्या रात्री बिछाना घेऊन प्लॅटफॉर्मवर येतंच.

म्हणून आता लिहिण्याची रीत. वार, तारीख, महिन्याचं नाव, तास आणि कुणाच्या घड्याळाचा तास. महिना आकड्यात नको. ०६/०७ आपल्याला सहा जुलै, अमेरिकेला सात जून. आणि तीन अक्षरी ‘आयएसटी’वर विसंबू नकोस. तीच अक्षरं आयर्लंड आणि इस्राएलही आपल्या वेळेला लावतात. देशाचं नाव लिही. तुझ्या त्या मंडळींना जाणारा निरोप असा दिसेल:

```
Fri 12 Jun 2026, 15:30 India / 11:00 London
```

वार आणि तारीख दोन्ही का, तर वार हा तारखेची राखण करतो. नुसतं ‘१३ जून’ लिहिलंस आणि बोट घसरलेलं असेल, तर कुणाला पत्ता लागत नाही. ‘शुक्रवार १३ जून’ लिहिलंस तर कॅलेंडर बघणारा पहिलाच माणूस विचारतो, ‘ताई, १३ला शनिवार आहे.’ तुला असा निरोप आला तर मात्र स्वतः होऊन त्यातलं काय चुकलं असेल ते ठरवू नकोस. मी ठरवायचे. निम्म्या वेळा माझं चुकायचं. विचारायचंच.

आणि विचारायची एक पद्धत आहे. समोरच्यानं ‘नेक्स्ट फ्रायडे’ लिहिलं की ‘कुठला शुक्रवार?’ विचारायचं नाही. तो ‘अहो, पुढचाच!’ असं उत्तर देतो, मग तू आणखी खोलात. वरिष्ठ असेल तर त्याला आपण मूर्ख ठरल्यासारखंही वाटतं. त्याऐवजी आपला अर्थ त्याच्यासमोर ठेवायचा. ‘शुक्रवार १२ जून दुपारी साडेतीन धरते आहे. वेगळं असेल तर आज संध्याकाळपर्यंत सांगा.’ चूक असेल तर तो दुरुस्त करतो, बरोबर असेल तर गप्प बसतो, आणि दोन्ही परिस्थितींत तुझ्याकडे लिहिलेली तारीख राहते. तुझ्या आठ ‘ओके’चं दुखणं हेच होतं. प्रत्येकानं आपापल्या शुक्रवारला ओके म्हटलं. नुसता ओके आला की मी काउंटरवर म्हणायचे, तारीख तुमच्या तोंडून सांगा बघू. लोक हसायचे, पण सांगायचे, आणि दहातला एखादा वेगळीच तारीख सांगायचा.

त्या काका-काकूंना मी माझ्या खर्चानं नाही, पण माझ्या धावपळीनं सोमवारच्या पहाटेची जागा मिळवून दिली. तिकिटाच्या पाकिटावर या वेळी सुटण्याची वेळ लिहिलीच नाही. लाल पेनानं मोठं लिहिलं, ‘रविवारी रात्रीचं जेवण साडेसातला. साडेआठला घरातून निघा.’ काकूंनी ते पाकीट फ्रिजवर लावलं होतं म्हणे. तेव्हापासून मध्यरात्रीनंतरच्या प्रत्येक तिकिटाला मी घरातून निघायची वेळ आणि वार लिहीत आले. माणसाला विमान कधी सुटतं ते फारसं कळावं लागत नाही, चपला कधी घालायच्या ते कळावं लागतं.

आणि हो, फोन ठेवताना तू म्हणालीस, ‘आत्या, पुढच्या रविवारी जेवायला येते.’ अळूची पानं मला आदल्या दिवशी आणावी लागतात. तारीख कळव.